‘योग्य ते सर्व उपचार केले’ : पण किती वाजता?



अत्यवस्थ रुग्ण कॅज्युअल्टीत दगावला की रुग्णालयाच्या कागदावर एक ठराविक वाक्य उमटते : “रुग्णास उशिरा आणण्यात आले. योग्य ते सर्व उपचार केले. रुग्णाने प्रतिसाद दिला नाही.” हे वाक्य वाचून नातेवाईक हात जोडतात, नाहीतर दगड उचलतात. दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. या वाक्यात तीन विधाने आहेत आणि एकाही विधानाला वेळ नाही. वेळ नसलेले विधान खरे-खोटे ठरवता येत नाही, म्हणूनच ते लिहिणाऱ्याला सोयीचे असते.

आपण रेल्वेची माणसे. ‘गाडी योग्य वेळी सोडली’ असे ट्रेन सिग्नल रजिस्टरमध्ये लिहिणारा स्टेशन मास्तर दुसऱ्या दिवशी नोकरीवर राहील काय? लाइन क्लिअर किती वाजता मागितली, किती वाजता मिळाली, गाडी किती वाजता सुटली, पुढच्या स्टेशनात किती वाजता पोचली, हे सारे त्या त्या क्षणी शाईने लिहावे लागते. चूक झाली तर खोडरबर चालत नाही. जुनी नोंद वाचता येईल अशी एकच रेघ मारून वर दुरुस्ती आणि सही करावी लागते. टपाल खात्यातल्या बांधवांनाही ठाऊक आहे की शिक्क्यावरच्या तारीख-वेळेशिवाय पाकिटाचा प्रवास सिद्ध होत नाही. मालगाडीच्या डब्याला आणि रजिस्टर पत्राला जो हिशेब लागू आहे, तो मरणाच्या दारात पडलेल्या माणसाला लागू नको, असे कोण म्हणतो? म्हणणारे आहेत, आणि त्यांच्याशीच आमचे भांडण आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या एका जंक्शनच्या गावी आपला एक मराठी ट्रॅकमन नोकरीला होता. वय ४६, वजन साधारण ६० किलो. तीन दिवस ताप आणि कमरेत कळा. चौथ्या दिवशी दुपारी घरच्यांनी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नेले आणि तिसऱ्या दिवशी तो वारला. निदान झाले ते असे : मूत्रवाहिनीत खडा अडकला, वर तुंबलेल्या मूत्रात जंतुसंसर्ग झाला, तो रक्तात पसरला आणि रक्तदाब कोसळला. डॉक्टर याला सेप्टिक शॉक म्हणतात. रुग्णालयाच्या सारांशात वर दिलेलेच तीन शब्दप्रयोग होते. आणखी एक गोष्ट झाली. त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या सिस्टरला कारणे दाखवा नोटीस मिळाली. आरोप होता की तिने अँटिबायोटिक १५.५० ला दिल्याची खोटी नोंद केली, कारण औषधाच्या दुकानाच्या पावतीवर १५.५८ अशी वेळ छापलेली आहे. औषध विकत घेण्यापूर्वीच ते टोचले कसे?

आमच्यातल्याच काहींनी लगेच मोर्चाची भाषा सुरू केली. “दोन तास कोणी बघितलेच नाही, सिस्टरने खोटे लिहिले, तिला बडतर्फ करा.” प्रशासनाला याहून अधिक काय हवे होते? एका कामगाराचा मृत्यू दुसऱ्या कामगाराच्या गळ्यात बांधला की वरचे सगळे मोकळे! युनियनने ठरवले की आधी कागद मांडायचे आणि घोषणांचे नंतर बघायचे. मृताच्या पत्नीच्या अर्जावर सर्व कागदांच्या नकला घेतल्या आणि एका निवृत्त डॉक्टरांना शेजारी बसवून तीन संध्याकाळी काम केले. ते काम कसे केले, तेच या लेखात सांगायचे आहे.

कागद एक नसतो, सात-आठ असतात

लोकांना वाटते केसपेपर म्हणजे सगळे काही. प्रत्यक्षात अत्यवस्थ रुग्णाची हकीकत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली असते. नोंदणी खिडकीची चिठ्ठी, डॉक्टरांचा केसपेपर, सिस्टरचा नाडी-बी.पी.चा तक्ता, औषधे दिल्याचा तक्ता, लॅबचे अहवाल, मॉनिटरची पट्टी, दुकानाच्या पावत्या आणि कॅज्युअल्टीचे मोठे रजिस्टर. यातला डॉक्टरांचा केसपेपर सर्वांत महत्त्वाचा वाटतो, पण वेळेच्या बाबतीत बहुधा तोच सर्वांत कच्चा असतो. धावपळीत डॉक्टर रुग्णाजवळ असतात आणि लिहितात नंतर. या प्रकरणातली त्यांची मुख्य टिपणी एका पानाची, सलग आणि सुवाच्य होती. तिच्या तळाशी वेळ होती १८.१०. म्हणजे चार तासांची हकीकत एका बैठकीत आठवून लिहिलेली! असे लिहिणे हा गुन्हा नाही. मात्र क्रम लावताना तिच्यातली प्रत्येक घटना ‘घडल्याची वेळ’ आणि ‘लिहिल्याची वेळ’ अशा दोन्ही वेळांसह मांडावी लागते. त्या क्षणी लिहिलेली नोंद आणि आठवून लिहिलेली नोंद एकाच तागडीत तोलता येत नाही.

आधी घड्याळे जुळवा

घड्याळांच्या कामात नव्वद टक्के लोक घसरतात. नोंदणी खिडकीचे घड्याळ वेगळे, भिंतीवरचे वेगळे, लॅबच्या यंत्राचे वेगळे, दुकानाच्या संगणकाचे वेगळे. रेल्वेत रोज १६.०० वाजता प्रमाणवेळेचा संकेत सर्व महत्त्वाच्या कार्यालयांना देण्याचा नियम आहे, तो उगाच नाही. रुग्णालयात असा संकेत कोण देतो? कोणी नाही. तरीही तिथल्या वेगवेगळ्या घड्याळांच्या वेळा एकाखाली एक लिहून माणसांना खोटे ठरवले जाते.

घड्याळे जुळवायची तर दोन घड्याळांवर नोंदली गेलेली एकच घटना शोधावी. आम्हाला अशी घटना सापडली. लॅबने रक्ताचा अहवाल फोनवर कळवला, तो लॅबच्या फोन-वहीत १५.३५ ला लिहिलेला आहे आणि सिस्टरच्या तक्त्यातही १५.३५ लाच. रक्त काढल्याची वेळ १४.४०, लॅबमध्ये पोचल्याची १४.४६. म्हणजे वॉर्डचे आणि लॅबचे घड्याळ जुळते.

आता दुकानाकडे वळा. त्याच दुकानाची त्याच दिवसाची दुसरी पावती होती, लघवीची नळी आणि पिशवी यांची, वेळ १६.१८. पण सिस्टरने नळी घातल्याची वेळ १६.०५ लिहिली आहे. हीसुद्धा खोटी म्हणायची काय? म्हणता येत नाही, कारण त्या नळीतून घेतलेला लघवीचा नमुना लॅबच्या यंत्राने १६.११ ला स्वीकारला आहे. लघवी लॅबमध्ये १६.११ ला, आणि ती काढण्याची नळी दुकानातून १६.१८ ला? अर्थात दुकानाचे घड्याळ पुढे असलेच पाहिजे. आमचे दोन सभासद दुकानात गेले, डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या आणि पावती केली. मोबाइलवर ११.२०, पावतीवर ११.३७. सतरा मिनिटे पुढे!

केवळ आजची पावती पुरेशी नाही, कारण घड्याळ मधल्या काळात सरकू शकते. म्हणून त्या दिवसाच्याच कागदांशी ती ताडून पाहिली. १६.१८ मधून १७ वजा केले की १६.०१. चार मिनिटांनी नळी घातली, सहा मिनिटांनी नमुना लॅबमध्ये. बरोबर बसते. १५.५८ मधून १७ वजा केले की १५.४१. गेटबाहेरच्या दुकानातून आत यायचे, औषध विरघळवायचे आणि १५.५० ला द्यायचे, यात नऊ मिनिटे जाणारच. सिस्टरची नोंद खरी ठरली. लक्षात ठेवा, मूळ कागदावरचा एकही आकडा आम्ही बदलला नाही. एका रकान्यात मूळ वेळ, शेजारी जुळवलेली वेळ, आणि जुळवण्याचे कारण. हा नियम मोडला तर आपला तक्ताच बनावट ठरतो.

तपासणी, उपाय, परिणाम

वेळा जुळल्यावर प्रत्येक नोंद तोडून एका ओळीत एकच गोष्ट लिहायची आणि तिच्यापुढे ती कोणत्या जातीची ते लिहायचे. तपासणी म्हणजे काय आढळले. उपाय म्हणजे काय केले. परिणाम म्हणजे उपायानंतर पुन्हा पाहिले तेव्हा काय दिसले. ‘सांगितले’ आणि ‘दिले’ या दोन वेगळ्या ओळी आहेत, कारण डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध रुग्णाच्या शिरेत जाईपर्यंत तो उपाय होत नाही. आमचा तक्ता थोडक्यात असा झाला :

१४.०५ – नोंदणी.
१४.१२ – तपासणी : नाडी १२८, बी.पी. ८४/४८, ताप १०२.५, गुंगी. (सिस्टर)
१४.२५ – तपासणी : डॉक्टरांनी पाहिले, रक्तात जंतुसंसर्गाचा संशय. सलाईन, रक्ततपासणी, अँटिबायोटिक सांगितले.
१४.३० – उपाय : सलाईन सुरू.
१४.४० – उपाय : रक्ताचे नमुने काढले. अँटिबायोटिक कपाटात नाही, नातेवाईकास चिठ्ठी.
१५.१० – परिणाम : एक लिटर संपले. बी.पी. ९२/५०, नाडी १२२.
१५.१५ – उपाय : दुसरे लिटर सुरू.
१५.३५ – तपासणी : रक्तातील लॅक्टेट ५.१.
१५.५० – उपाय : अँटिबायोटिक दिले.
१६.०० – परिणाम : दुसरे लिटर संपले. बी.पी. ८०/४४, नाडी १३०.
१६.०५ – उपाय : लघवीची नळी. लघवी फक्त ४० मिलि.
१६.०५ ते १७.२० – नोंद नाही.
१७.२० – उपाय : नॉरॲड्रेनॅलिन सुरू.
१७.३५ – परिणाम : बी.पी. ९४/५४.
१७.५० – अतिदक्षता विभागात हलवले.

आता हा तक्ता वाचा आणि सारांशातली ती तीन विधाने समोर ठेवा.

“उशिरा आणले.” तीन दिवस ताप अंगावर काढला, हे खरे आहे आणि आम्ही ते लपवत नाही. पण आल्यानंतर काय झाले, याचे ते उत्तर होत नाही.

“योग्य ते सर्व उपचार केले.” सलाईनबाबत हे खरे आहे. सेप्टिक शॉकसाठीच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पहिल्या तीन तासांत किलोमागे किमान ३० मिलि. सलाईन सुचवले आहे. साठ किलोच्या माणसाला १८०० मिलि. होतात. याला दीड तासात २००० मिळाले. इथे बोट ठेवायला जागा नाही. पण त्याच सूचना म्हणतात की शॉक ओळखल्यापासून शक्यतो लगेच, तासाभराच्या आत अँटिबायोटिक गेले पाहिजे. डॉक्टरांनी १४.२५ ला ओळखले, औषध १५.५० ला गेले. पंच्याऐंशी मिनिटे! सिस्टरच्या पहिल्या आकड्यांपासून मोजली तर अठ्ठ्याण्णव. हा वेळ कुठे गेला? सिस्टरच्या हातात नाही गेला. औषध तिच्या हाती आल्यावर नऊ मिनिटांच्या आत दिले गेले. वेळ गेला तो रिकाम्या कपाटात. कॅज्युअल्टीच्या कपाटात नेहमी लागणारे अँटिबायोटिक नव्हते, म्हणून मृताचा मेव्हणा चिठ्ठी घेऊन दुकाने फिरत होता. त्या कपाटाला कारणे दाखवा नोटीस कोण देणार?

“प्रतिसाद दिला नाही.” हे तर साफ चूक आहे. पहिल्या लिटरनंतर बी.पी. ८४ वरून ९२ झाला, म्हणजे थोडा प्रतिसाद दिला. दुसऱ्या लिटरनंतर तो ८० वर घसरला. या घसरणीचा अर्थ निवृत्त डॉक्टरांनी आम्हाला समजावला. वरच्या आकड्यात खालच्या आकड्याची दुप्पट मिळवून तिनाने भागले की सरासरी दाब मिळतो. तो ६५ च्या वर ठेवायचा असतो, तरच मूत्रपिंड, मेंदू यांना रक्त पुरते. १६.०० वाजता तो ५६ होता. लघवीही जवळजवळ नव्हती. पाणी भरून भागत नाही, आता रक्तवाहिन्या आवळणारे नॉरॲड्रेनॅलिन हवे, असे तो परिणामच सांगत होता. ते सुरू झाले १७.२० ला, ऐंशी मिनिटांनी. आणि सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांत सरासरी ६७ झाली. म्हणजे रुग्ण प्रतिसाद देत होता. विचारणारा कोणी नव्हता.

“दोन तास कोणी बघितलेच नाही,” असे म्हणणाऱ्या आपल्या मित्रांनीही तक्ता वाचावा. सात मिनिटांत सिस्टरने आणि वीस मिनिटांत डॉक्टरांनी बघितले आहे. खोटा आरोप करून खरा लढा हरतो.

मोकळी जागा मोकळीच ठेवा

१६.०५ ते १७.२० या ७५ मिनिटांत काहीच नोंद नाही. इथे दोन्ही बाजूंचा हात शिवशिवतो. रुग्णालय म्हणते, “लक्ष होतेच, लिहायचे राहिले.” नातेवाईक म्हणतात, “टाकून दिले होते.” दोघांपैकी कोणाचेही मानू नका. तक्त्यात ‘नोंद नाही’ एवढेच लिहा. ‘केले नाही’ असेही लिहू नका, कारण न लिहिलेले आणि न केलेले यांत फरक असतो. मग दुसऱ्या कागदात शोधा. चौकशीत कॅज्युअल्टीचे मोठे रजिस्टर पाहायला मिळाले. त्यात १६.२० ला रस्ता-अपघातातले चार जखमी दाखल झाल्याची नोंद आहे. ड्यूटी-तक्त्याप्रमाणे त्या वेळी कॅज्युअल्टीत एक डॉक्टर, एक सिस्टर आणि आधीचे अकरा रुग्ण. मोकळ्या जागेचे कारण हेच होते, असे आम्ही तक्त्यात लिहिले नाही. शेजारी स्वतंत्र रकान्यात, रजिस्टरच्या पान क्रमांकासह, ती नोंद ठेवली. घटना एका रकान्यात, अनुमान दुसऱ्या. मेव्हण्याने तोंडी सांगितलेली हकीकतही अशीच वेगळ्या रकान्यात, ‘तोंडी’ असे लिहून.

तक्त्याची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. काय केव्हा झाले, ते तक्ता सांगतो. त्यामुळेच मृत्यू झाला, असे तो सांगत नाही. तुंबलेल्या मूत्राला वाट करून दिल्याशिवाय हा आजार आटोक्यात येत नाही, आणि वेळेवर औषध मिळूनही असे रुग्ण दगावतात. हा माणूस वाचलाच असता, असे आम्ही कुठेही म्हटले नाही. शेवट ठाऊक असताना मागे वळून पाहिले की प्रत्येक वळण स्पष्ट दिसते, हेही खरे. म्हणून वैद्यकीय निर्णय डॉक्टरांच्या समितीने द्यावा. पण त्या समितीपुढे तीन ओळींचा सारांश जाऊ नये, तक्ता जावा.

आता विरोधकांकडे येतो. ते म्हणतात, “जीव वाचवायचा की कागद भरायचा?” ऐकायला गोड वाटते. पण १५.१० चा परिणाम वेळेसह लिहिलेला असतो म्हणूनच १६.०० ची घसरण डोळ्यांत भरते. संध्याकाळी ड्यूटीवर येणाऱ्या डॉक्टरला ‘बी.पी. कमी, सलाईन दिले’ एवढेच वाचून काय कळणार? किती दिले, त्यानंतर चढला की उतरला, हे कळले तरच पुढचे पाऊल ठरते. म्हणजे वेळेची नोंद हा उपचाराचाच भाग आहे, चौकशी हा तिचा नंतरचा उपयोग. आणि लिहायला हात नसेल, तर हात द्या! अकरा रुग्णांमागे एक सिस्टर ठेवायची, आणि वर तिलाच ‘नोंद का नाही’ म्हणून विचारायचे, हा कुठला न्याय?

सिस्टरवरचा खोट्या नोंदीचा आरोप प्रशासनाला मागे घ्यावा लागला. मृताच्या पत्नीला तिच्या नवऱ्याच्या शेवटच्या दुपारची खरी हकीकत मिळाली. कपाटाचा आणि नेमणुकीचा प्रश्न अद्याप लोंबकळत आहे, तो आम्ही सोडणार नाही.

शाखा सचिवांनी एवढे करावे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार आंतररुग्णाचे कागद रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यास ७२ तासांत द्यावे लागतात आणि तीन वर्षे जपावे लागतात. अर्जात नुसते ‘केसपेपर’ लिहू नका. सिस्टरचा तक्ता, औषधांचा तक्ता, नमुना घेतल्याच्या व पोचल्याच्या वेळांसह लॅबचे अहवाल, मॉनिटरच्या पट्ट्या, प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजू, असे नाव घेऊन मागा. मॉनिटरच्या पोटातल्या नोंदी काही दिवसांतच पुसल्या जातात, म्हणून तो अर्ज पहिल्याच दिवशी द्या. पावती फेकू नका, तिच्यावर वेळ असते.

आणि रुग्णालयांकडे आमच्या मागण्या चारच आहेत. कॅज्युअल्टीतली सर्व घड्याळे रोज एका वेळेला जुळवा. ‘सांगितले’ आणि ‘दिले’ यांच्या वेळा वेगळ्या लिहा. प्रत्येक उपायानंतरचा परिणाम वेळेसह लिहा, आणि नंतर लिहिलेली नोंद ‘नंतर लिहिली’ म्हणूनच लिहा. हे करायला पुरेशी माणसे आणि भरलेले कपाट द्या. तोपर्यंत ‘योग्य ते सर्व उपचार केले’ असे जो कोणी लिहील, त्याला आमचा एकच प्रश्न राहील : किती वाजता?